इस्त्री गोल नसते

चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना डावा हात चुरचुरू लागला, आणि घडीताई हातातलं काम न थांबवता मनातल्या मनात म्हणाल्या, आली बया पुन्हा.

टेबलावर एका पाहुण्याचा पांढरा शर्ट पसरलेला होता. कॉलर झाली होती, खांद्याचा जोड झाला होता, उजवी बाही अर्धी झाली होती. त्यांनी बाही पुरी केली, इस्त्री उभी ठेवली आणि मगच हाताकडे पाहिलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या जागी महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून बसलेला तो करडा-तपकिरी गोल डाग कडेकडेने लाल होत होता. विझत आलेल्या निखाऱ्यावर कुणी फुंकर घालावी, तसा.

हॉटेलच्या तळघरातल्या या धुलाईखात्यात त्यांना एकवीस वर्षं झाली होती. चादरींसाठी मोठे गरम रोलर होते, गणवेशांसाठी वाफेची यंत्रं होती. पण पाहुण्यांचे कपडे, झालरीचे टेबलपोश आणि ज्या कापडाचा भरवसा नाही असं सगळं टोकाच्या तीन टेबलांवर हाताने होई. तिसरं टेबल घडीताईंचं. कुणाच्याही ओढणीची घडी वाकडी दिसली की त्या बोलता बोलता ती सरळ करत, म्हणून हे नाव पडलं होतं. घरी मात्र त्या आणि त्यांची धाकटी बहीण चुरगळलेल्या कपड्यांतच वावरत. “हलवाई स्वतःची मिठाई खातो का?” असं त्या विचारत, आणि धाकटी म्हणे, “निदान वास तरी घेत असेल!”

भाजण्याच्या बाबतीत त्यांचा एकच इतिहास होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी उजव्या मनगटाला इस्त्रीची कड लागली होती. तो व्रण अजून होता: पट्टीने आखल्यासारखा सरळ, बोटभर लांबीचा. त्यानंतर वीस वर्षं काही नाही. आणि आता या एकाच वर्षात अपघात नोंदवहीत त्यांच्या नावावर दोन चटके लागले होते. हा तिसरा झाला असता. नवा नियम असा, की वर्षात तीन चटके झाले की माणूस इस्त्रीवरून उतरवायचा आणि मळक्या कपड्यांच्या छाटणीला बसवायचा. नियम सुरक्षेचा होता आणि त्यात गैर काही नव्हतं. फक्त तो ज्या चटक्यांवर लागू होत होता, ते चटके घडीताईंना बसलेच नव्हते.

हे त्यांनी दोन्ही वेळा सांगितलं होतं. ऐकणारा होता कोठाराच्या जाळीआड बसणारा नोंदवाला. तो निवृत्तीला टेकलेला, सडसडीत, कानावर पेन असलेला गृहस्थ होता. साबण, धागा, बटणं आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्या ताब्यात. ‘याच्यासमोर तीनदा शिंकू नका, वहीत चढेल,’ असं सगळे म्हणत. त्याच्या फळीवर दोन वह्या शेजारी शेजारी उभ्या असत, एक अपघातांची, एक पेटीतून दिलेल्या औषधांची. अपघाताच्या वहीत कारणांचे चार रकाने छापलेले होते: चटका, कापणे, पडणे, इतर. ‘इतर’वर खूण केली की वेगळा कागद जोडून कारण विस्ताराने लिहावं लागे आणि तो कागद वरच्या मजल्यावर जाई. अकरा वर्षांत त्या रकान्यात एकही खूण पडली नव्हती.

त्या दुपारीही तेच झालं.

“काका, हा चटका नाही. इस्त्री कुठे लागलेलीच नाही, तरी आग होते आहे.”

“ताई, इस्त्रीच्या टेबलावर आग होते, लाल होतं, त्याला मी काय लिहू? गजरा?”

“अहो, पण इस्त्री गोल असते का? टोक असतं, कड असते. हे बघा.” त्यांनी उजव्या मनगटावरचा जुना व्रण पुढे केला. “याला म्हणतात चटका.”

नोंदवाल्याने चष्मा कपाळावर चढवून दोन्ही हात पाहिले. क्षणभर तो घुटमळला. मग त्याची नजर छापील रकान्यांवर गेली आणि घुटमळणं संपलं. “वाफेची भोकं गोल असतात,” तो म्हणाला.

“मुगाच्या दाण्याएवढी असतात! हे नाण्याएवढं आहे.”

“मग बरेच मूग एकदम लागले असतील.” त्याने ‘चटका’वर खूण केली, मलम दिलं, आणि माणूस मनाचा चांगला असल्यामुळे वर एक गोळीही दिली. “आग फार होते आहे ना? ही घ्या. दुपारी दाढेसाठी नेली होती तीच.” आणि दुसऱ्या वहीत तीही नोंदली.

घडीताईंनी ती तिथेच पाण्याबरोबर घेतली.

रात्रभर हात धडधडत राहिला. सकाळी डागाच्या मध्यावर पाण्याने भरलेला फोड होता, भोवती जांभळट-काळं कडं होतं, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे आजवर कधीही काही नव्हतं, तिथे आणखी एक छोटा गोल उमटला होता. धाकटीने हात दिव्याखाली धरला. “ताई, हे भाजलेलं नाही. भाजलेलं एका रात्रीत पिल्लं घालत नाही.”

पण सुपरवायझर मॅडमना फोड दिसला आणि फोड म्हणजे पुरावा झाला. मॅडम घडीताईंपेक्षा बारा वर्षांनी लहान होत्या, कडक होत्या, आणि अन्याय करायची त्यांना मुळीच हौस नव्हती. “तुमचा हात सुटला असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “पण एकाच जागी तीनदा भाजतं याचा अर्थ तुमची हात फिरवायची पद्धत कुठेतरी चुकते आहे. वय होतं. सोमवारपासून छाटणी.”

‘वय होतं’ हे दोन शब्द घडीताईंच्या छातीत जाऊन बसले. छाटणीचं काम हलकं होतं, हे त्यांना माहीत होतं. पण तिथे कापड फक्त मळकं भेटतं. एखादा चोळामोळा शर्ट हाताखाली हळूहळू शहाणा होत जातो, ते पाहायला मिळत नाही. त्या दिवशी त्यांनी तीन शर्ट दोनदा केले. स्वतःचा डावा हात इस्त्रीपासून किती अंतरावर फिरतो, हे पाहत राहिल्यामुळे उजव्या हाताची लय बिघडली होती. आपणच खोटं तर बोलत नाही ना, अशीही एक पाल मनात चुकचुकून गेली. माणसाला स्वतःची चूक दिसत नाही म्हणतात. तसं असेल तर?

शनिवारी धाकटीने त्यांना जवळजवळ ओढतच सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर दीड तास, आत सहा मिनिटं. डॉक्टर तरुण होती. तिने हात उलटापालटा केला, मनगटावरचा नवा गोल पाहिला, आणि मलमाबद्दल, इस्त्रीबद्दल काहीही न विचारता एकच प्रश्न टाकला.

“कुठली गोळी घेता?”

“मी? काही नाही. मला ना बीपी, ना साखर.”

“रोजची नाही. अधूनमधून? डोकं दुखलं, दाढ दुखली...”

“ती गोळी कुठे, ती तर नुसती दुखण्यावरची आहे,” घडीताई म्हणाल्या, आणि धाकटीने कपाळावर हात मारला.

डॉक्टर हसली नाही. असं उत्तर तिला दिवसातून चारदा मिळत असावं. “डाग येतो तेव्हा नेहमी त्याच जागी?”

“त्याच. सूतभर इकडेतिकडे नाही.”

“आधी आग, मग लाल-जांभळा, मग आठ-पंधरा दिवसांत करडा काळा पडून बसून राहतो?”

“तुम्ही पाहिल्यासारखं सांगता!”

“पाहिलेलंच आहे, दुसऱ्यांच्या हातांवर. कुणाच्या ओठांवर येतो.” तिने खुर्ची पुढे ओढली. “काही माणसांना एखाद्या ठरावीक औषधाची अशी ॲलर्जी होते. पहिल्या एक-दोन वेळा काही होत नाही. शरीर त्या औषधाशी वैर धरायला वेळ घेतं. मग एकदा डाग उठतो. तो विझला तरी त्या जागच्या कातडीत शरीराचे काही पहारेकरी मुक्कामाला राहतात. तेच औषध पुन्हा रक्तातून तिथे आलं की ते जागे होतात आणि शत्रू समजून आपल्याच कातडीवर तुटून पडतात. बाकीच्या अंगाला पत्ताही नसतो. अर्ध्या तासापासून आठेक तासांत, कधी थोडं उशिरा, डाग पेटतो.”

घडीताईंना हे चटकन समजलं. कापडाला एकदा गरम घडी बसली की धुऊन, वाळवून, उलगडून ठेवलं तरी पुढच्या वेळी ते आधी तिथेच वाकतं.

“पण मला खात्रीने सांगा,” त्या म्हणाल्या. “माझी इस्त्री जाते आहे.”

“मला जवळजवळ खात्री आहे. पण कुठली गोळी, ते तुम्ही शोधायचं. प्रत्येक डागाची तारीख आणि त्याआधीच्या दोन दिवसांत जे जे पोटात गेलं ते लिहून आणा. सर्दीची, पोटाची, कुणी हातावर ठेवलेली, सगळी. आणि एक ऐका. खात्री करून घ्यायला म्हणून घरी गोळी घेऊन बघायची नाही. दर वेळी डाग मोठा होतो, नव्या जागी उठतो. तोंडात, डोळ्यांत गेलं तर निभावणं जड जातं. या वेळी फोड आला, हा इशारा समजा.” तिने सूज उतरायचं मलम लिहून दिलं आणि चिठ्ठीवर ‘औषधाच्या ॲलर्जीचा दाट संशय’ असं लिहिलं. काळा डाग फिका व्हायला महिने लागतील, हेही सांगितलं.

दाट संशय. घरी येईपर्यंत घडीताईंनी ती चिठ्ठी चार वेळा उघडली. मॅडमच्या टेबलावर ‘संशय’ हा शब्द किती वेळ टिकेल? रविवारभर त्यांचा पाय एका जागी ठरला नाही. तारखा आठवेनात. दाढ कधी ठणकली, हे ठणकून गेल्यावर कोण लक्षात ठेवतं?

धाकटी वैतागून म्हणाली, “तुमच्या त्या काकांच्या वहीत असेल ना! तो माणूस माशी बसली तरी वेळ टाकतो म्हणतेस.”

सोमवारी त्या पाऊण तास आधी पोहोचल्या. नोंदवाला कुलूप काढत होता. त्याने चिठ्ठी वाचली, एकदा, मग पुन्हा. मग फळीवरच्या दोन्ही वह्या उतरवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या. त्या अकरा वर्षं एकमेकींना टेकून उभ्या होत्या; समोरासमोर मात्र पहिल्यांदाच आल्या.

“पहिला चटका... पहिला डाग,” तो म्हणाला. “मंगळवार, दुपारी साडेतीन. औषधवही, तोच मंगळवार, दुपारी बारा. दाढदुखी. आयबुप्रोफेन, एक.” त्याचं बोट खाली सरकलं. “गेल्या आठवड्यातला तिसरा. दुपारी एक वाजता एक गोळी; चारला दहा कमी असताना डाग; सव्वाचारला...” बोट थांबलं.

“सव्वाचारला तुम्ही दिलीत,” घडीताई म्हणाल्या. “आग होते म्हणून.”

“आगीवर तेल ओतलं मी.” त्याने पेन कानावरून काढलं आणि पुन्हा कानावर ठेवलं. “थांबा, लगेच हुरळून जाऊ नका. दुसरा डाग जुळत नाही. सोमवार सकाळची नोंद आहे, आणि त्याआधी आठवडाभर तुम्हाला पेटीतून काही दिलेलं नाही. आणि ही बघा, पहिल्या डागाच्या तीन आठवडे आधीची गोळी. हीच. तेव्हा काहीच उठलं नाही.”

“ते बरोबर आहे. पहिल्या वेळी उठत नाही म्हणाल्या डॉक्टर, वैर धरायला वेळ लागतो.”

“आणि मधे एकदा तापावर पॅरासिटामॉल दिली होती, तेव्हाही काही नाही. म्हणजे सगळ्याच गोळ्यांचं वाकडं नाही. पण तो सोमवार?”

तो सोमवार दोघांच्या मधोमध खड्यासारखा राहिला. घडीताईंनी धाकटीला फोन लावला. पलीकडून ती आधी म्हणाली, “मला काय माहीत!” आणि मग, “अगं, त्या रविवारी तुझं नाक गळत होतं. मीच नाही का माझ्या पाकिटातली सर्दीची दिली? थांब, ड्रॉवरमध्ये पाकीट असेल.” ड्रॉवर उघडल्याचा आवाज, कागदांची खसखस. “सर्दी, अंगदुखी, शिंका... मागे इतकं बारीक लिहिलंय, मुंगीने लिहावं तसं. आय... बु... ताई, तीच आहे ही! दुसऱ्या नावाने!”

नोंदवाल्याने डोळे मिटून घेतले. मग त्याने लाल पेन काढलं. वहीत खाडाखोड करायची नाही, हा त्याचा आयुष्यभराचा नियम होता. जुनी नोंद वाचता येईल अशी ठेवून तिच्यापुढे दुरुस्ती लिहायची, सही करायची. त्याने तीनदा तसं केलं. तीनदा ‘इतर’वर खूण केली. आणि जोडायच्या कागदावर ‘कारण’पुढे लिहिलं: औषधवहीतील आयबुप्रोफेन, एक वेळ घरची, त्याच औषधाची. तिसऱ्या वेळी डाग उठल्यानंतर दुसरी गोळी देणारा: स्वतः.

“हे शेवटचं लिहायलाच हवं का, काका? वर जाईल कागद.”

“ताई, मी शिंका लिहिणारा माणूस. स्वतःची चूक गाळली तर बाकीच्या वहीवर कोण विश्वास ठेवेल?”

मॅडमनी आपल्या खोलीत दोघांसमोर सगळं वाचलं, दोन्ही वह्या पाहिल्या. त्यांना ते पटत होतं, हे दिसत होतं. आणि पटल्यामुळे त्या अस्वस्थ झाल्या होत्या, हेही दिसत होतं. “तीन तारखा जुळल्या. पण डॉक्टरही ‘संशय’ म्हणतात. उद्या चौथा चटका बसला तर वरचे मला विचारतील. मधला मार्ग काढू. तुम्ही दोन महिने छाटणीला बसा, गोळी बंद ठेवा. डाग आला नाही, तर तुमचं खरं.”

नोंदवाल्याने मान डोलावली. घडीताईंनी डोलावली नाही. त्यांना त्यात काहीतरी बोचत होतं. टेबलपोशाखाली राहिलेली सुरकुती हाताला लागावी, तसं.

“नाही, मॅडम,” त्या म्हणाल्या. “दोन महिन्यांनी डाग आला नाही, तर तुम्हीच म्हणाल, इस्त्री नव्हती म्हणून चटका नव्हता. मग मी कायमची छाटणीत.”

“मग सोपं आहे. आत्ता एक गोळी घ्या. चार वाजेपर्यंत कळेल.”

घडीताईंच्या पर्समध्ये एक गोळी होती. दाढेसाठी नेहमीच असे. एक गोळी, तीन तास, आणि ‘वय होतं’ हे वाक्य मॅडमना परत घ्यावं लागलं असतं. त्यांचा हात पर्सच्या चेनपर्यंत गेलादेखील. फोडावरची पट्टी चेनला घासली आणि कळ कोपरापर्यंत चढली.

त्यांनी गोळी बाहेर काढली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. “ही घेतली तर माझं खरं ठरेल, आणि हात जाईल. मग इस्त्री काय तोंडात धरू?” त्या पुढे वाकल्या. “मॅडम, कापडावरचा डाग कशाने गेला हे कळायचं असेल, तर आपण साबण आणि पाणी दोन्ही एकदम बदलतो का? एकच बदलायचं. गोळी काढून घ्या. इस्त्री राहू द्या. तीन महिने. हात पेटला तर मी स्वतः छाटणीला जाऊन बसते, कुणी सांगायला नको.”

मॅडमनी गोळीकडे पाहिलं, मग पट्टीकडे. “मी उगाच बोलले ते,” त्या हळूच म्हणाल्या. “तीन महिने. फोड सुकला की चालू.”

“ही गोळी पेटीत जमा करू?” नोंदवाल्याने विचारलं.

“कचऱ्यात टाका, काका!”

“टाकतो. पण लिहून टाकतो.”

शर्त सोपी वाटली होती. पण पहिल्याच आठवड्यात घडीताईंना कळलं की ज्या गोष्टीची वाट पाहायची नसते, तिचीच माणूस सर्वांत जास्त वाट पाहतो. दुपारी साडेतीन झाले की नजर घड्याळाकडे जाई, मग हाताकडे. वाफेचा साधा शेक लागला तरी त्या हात उलटून पाहत. टेबलाजवळून जाणाऱ्या बायका “काय घडीताई, सूर्य उगवला का?” असं विचारत. चिडवण्यात विष नव्हतं, पण चपलेत अडकलेल्या खड्यासारखं ते टोचे.

सहाव्या आठवड्यात दाढ उठली. अशी, की कान, जबडा, मान सगळं एका तारेवर गुंफलं गेलं. पेटी आठ पावलांवर होती. जाळीआडून नोंदवाला पाहत होता. त्याने नुसती मान हलवली, नाही अशी. त्या दिवशी त्यांनी एका रेशमी कुडत्याच्या बाह्या दात आवळून केल्या आणि संध्याकाळी, सात वर्षं टाळलेल्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन दाढ काढून घेतली.

बाहेरच्या खिडकीतून कंपाउंडरने कागदी पुडी सरकवली. “दुखलं तर ही दोन वेळा.”

तोंडात कापूस होता. घडीताईंनी डावा हात वर केला, त्यावरच्या चहाच्या डागासारख्या गोलावर बोट ठेवलं आणि पुडी परत सरकवली.

“काय झालं?”

“नाव,” त्या कापसातून म्हणाल्या. “आतलं. बारीक अक्षरातलं.”

कंपाउंडरने कुरकुरत पाकीट उलटं केलं, डोळे बारीक केले, वाचलं. तीच होती, तिसऱ्याच नावाखाली. त्यांनी पर्समधून धाकटीने मोठ्या अक्षरांत लिहून दिलेला कागद काढला: काय चालत नाही, काय चालतं. कंपाउंडर पॅरासिटामॉल घेऊन आला. रात्र वाईट गेली. पण हात थंड होता.

तीन महिने भरले त्या दिवशी चारला दहा कमी असताना मॅडम तिसऱ्या टेबलापाशी आल्या. त्यांनी घडीताईंचा डावा हात दिव्याखाली धरला. मनगटावरचा छोटा गोल जवळजवळ गेला होता. मोठा होता, पण फिका, निवांत, जुन्या कापडावर राहून गेलेल्या घडीसारखा. मॅडमनी हात सोडला आणि जाता जाता म्हणाल्या, “पुढच्या महिन्याची यादी लावते आहे. तिसरं टेबल तुमचंच.” आणि दोन पावलांवर थांबून, “तेव्हा मी वयाबद्दल बोलले होते ना. ते वहीत नाही, पण ते खोडायचं आहे.”

त्यानंतर थोड्याच वेळात वाफेच्या यंत्रावरच्या बाईला खरोखरचा चटका बसला: दंडावर, सरळ कडेचा, लांबट. तिला कोठारापाशी आणलं. नोंदवाल्याने नीट पाहून ‘चटका’वर खूण केली. गोळीसाठी पेटी उघडली आणि झाकणावर हात ठेवूनच विचारलं, “ही घेतल्यावर अंगावर कधी काही उठलं होतं का? एकाच जागी, गोल?”

“नाही हो. लवकर द्या ना!”

“देतो.” औषधवहीत छापील रकान्यांच्या उजवीकडे त्याने पट्टीने नवा एक रकाना आखलेला होता. तिथे त्याने ‘विचारले, नाही’ असं लिहिलं, आणि मगच गोळी पुढे केली.

घडीताईंनी टेबलावरून ते पाहिलं. घड्याळात साडेचार वाजले होते. त्यांनी पुन्हा एकदा, सवयीने, डाव्या हाताकडे पाहिलं. मग शर्टाची डावी बाही ओढून सरळ केली आणि इस्त्री उचलली.